कमरपट्टीतल्या चुण्या आणि दुपटीचा हिशोब

प्रश्न: चवथीच्या फुगडीसाठी मुलीला लाल चौकडीचा सुती स्कर्ट शिवतेय. कंबर २९ इंच, कापड ४४ पन्ह्याचं. दोन पन्हे जोडून घेर घेतला, पण कमरेला फुगतोय आणि चुण्या एकाच बाजूला गोळा होतायत. कापड कमरेच्या किती पट घ्यायचं? की सरळ प्लीट घालू?

उत्तर:

आधी तुमच्याच मापांचा हिशोब करू. २९ कंबरेला तयार पट्टी ३० इंच धरा, बसायला-उठायला तेवढी सैल लागतेच. दोन पन्ह्यांतून किनार आणि जोड वजा केले की ८४ इंच उरतात. म्हणजे पट्टीच्या २.८ पट. व्हॉइल किंवा जॉर्जेट असतं तर एवढा घेर शोभला असता, ती कापडं तिप्पट घेतली तरी अंगाला धरून पडतात. रोजच्या जाडीच्या सुती कापडाला मात्र दुपटीच्या आसपासच थांबावं. लिनन किंवा जाड हातमाग असेल तर दीडपटीवर. कारण अगदी साधं आहे: पट्टीच्या एका इंचात पावणेतीन इंच कापड कोंबलं की त्याला आडवं पडायला जागाच उरत नाही, मग ते उभं राहतं आणि पोटावर फुगवटा येतो. शिवाय आपल्याकडच्या श्रावणा-भाद्रपदाच्या दमट हवेत अशी गच्च कंबर लवकर वाळत नाही. बाकी स्कर्ट कोरडा होतो आणि पट्टीला कुबट वास येतो.

तुमच्या कापडासाठी मी ६४ इंच घेर घेईन. त्यासाठी दीड पन्हा जोडू नका, त्यात एक जोड मागच्या बाजूला भलत्याच जागी येतो. दोन्ही तुकड्यांतून ११-११ इंचांच्या उभ्या पट्ट्या कापून काढा. राहिलेल्या ३३ इंचांतून दोन्ही कडांचा अर्धा-अर्धा इंच जोडात गेला की प्रत्येक तुकडा ३२ चा राहतो आणि जोड बरोबर दोन कुशींना येतात. काढलेल्या पट्ट्यांतून कमरपट्टी आणि खिसे निघतात. पट्टी उभ्या धाग्यात निघाल्यामुळे पुढे ताणून सैलही होत नाही.

कापायच्या आधी कापड रात्रभर भिजवून वाळवलंत ना? नव्या सुती कापडाला खळ असते. खळीच्या कापडाच्या चुण्या ताठ उभ्या राहतात आणि धुतल्यावर बसतात, त्यामुळे न धुतलेल्या तुकड्यावर घेराचा अंदाज हमखास चुकतो. धुतलेल्या कापडाचा २० इंचांचा तुकडा आधी १० इंचांत, मग ८ इंचांत ओढून पाहा. चुण्या गोल नळ्यांसारख्या एकमेकींना ढकलू लागल्या तर कापड जास्त झालं. दोन चुण्यांमध्ये सपाट जागा दिसली आणि सगळं नुसतं सुरकुतल्यासारखं वाटलं तर कमी पडलं.

आता चुण्या गोळा का होतात ते. पूर्ण घेराला एकच लांब टीप मारून ओढलं की दोरा जिथे सहज सरकतो तिथे कापड साठतं, आणि कुशीच्या जाड जोडापाशी दोरा अडकतो. म्हणून पुढचा आणि मागचा तुकडा वेगवेगळा ओढायचा. टीप जोडापाशी थांबवा, जोडावरून नेऊ नका. मशीनचा टाका सगळ्यात मोठा ठेवा, चार ते पाच मिलीमीटरचा, वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा आणि बॉबिनमध्ये वेगळ्या रंगाचा मजबूत दोरा भरा. कडेपासून तीन सुतांवर एक टीप आणि पाच सुतांवर दुसरी. पट्टीची शिलाई नंतर या दोघींच्या मधून, चार सुतांवर म्हणजे अर्ध्या इंचावर जाईल. एकच टीप असली की शिवताना चुण्या तिरक्या होतात, दोन टिपा त्यांना उभं धरून ठेवतात. तुमच्या कापडावर चौकडी आहे, तिची आडवी रेघ धरूनच टीप मारा, खडूची गरज पडणार नाही.

ओढण्यापूर्वी खुणा करा. प्रत्येक तुकड्याचे चार भाग, म्हणजे ३२ इंचांत दर ८ इंचांवर खूण. पट्टीच्या १५ इंचांच्या अर्ध्या भागातही चार भाग, दर पावणेचार इंचांवर. खुणेला खूण टाचणीने जोडा आणि मग बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र धरून दोन्ही टोकांकडून मध्याकडे ओढा. आता आठ इंचांचं कापड पावणेचार इंचांतच बसवायचंय, ते पलीकडच्या भागात पळू शकत नाही. दोऱ्याची टोकं टाचणीभोवती आठाच्या आकड्यासारखी गुंडाळा. चुण्या नखाने सारख्या करा आणि स्कर्टचं कापड खाली हलकं ओढा, त्याने प्रत्येक चुणी सरळ उभी येते. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे सुईखाली एखादी आडवी दुमडत असेल तर दिसते. शिलाई झाल्यावर उलट बाजू तपासा, मग पाच सुतांवरची टीप उसवून काढा. इस्त्री फक्त शिलाईच्या आतल्या भागावर फिरवा, चुण्यांवर नको.

प्लीटचं विचारलंत, तर चौकडीच्या कापडावर त्या खरंच सुरेख दिसतात आणि कमरेला चुण्यांपेक्षा सपाट बसतात. चौकट अर्ध्या इंचाची असेल तर तीन चौकटी वर दिसू द्या आणि तीन आत घ्या. एका प्लीटला तीन इंच कापड लागतं आणि पट्टीवर ती दीड इंच जागा घेते. ३० इंचांत २० प्लीट, म्हणजे जोड जाऊन ६० इंच कापड, नेमकं दुप्पट. इथे चुण्यांसारखं थोडंफार सरकवून भागत नाही. प्रत्येक घडीत फक्त अर्धा सूत इकडेतिकडे झालं तरी वीस घड्यांत सव्वा इंच फरक पडतो आणि पट्टी जुळत नाही. म्हणून टेपने मोजत बसू नका. घडीची कड एका रेघेवर पाडून ती तीन चौकटी पलीकडच्या रेघेवर आणा, शेवटपर्यंत तसंच करा. मग कच्ची टीप घालून एकदा पूर्ण लांबी मोजा. दोन-तीन सूत कमी-जास्त आलं तर एकाच घडीत सगळं न घालता मागच्या बाजूच्या चार-पाच घड्यांत वाटून टाका. फुगडीला गिरक्या घ्यायच्या आहेत, त्यामुळे घड्या कमरेखाली शिवून बंद करू नका, नाहीतर घेर उघडणार नाही.

आणखी एक गोष्ट. हुकासाठी पट्टीला जो एक इंच जादा ठेवता, तो या ३० इंचांत धरू नका. तो धरून खुणा केल्या तर एका बाजूच्या चुण्या विरळ आणि दुसऱ्या बाजूच्या दाट येतात. पट्टीवर आधी तो इंच खडूने वेगळा करा, उरलेल्या ३० चे आठ भाग पाडा, आणि मगच टाचण्या हातात घ्या.