झेरॉक्समधला पुसट आकडा: 33 की 38?

शिकवणीत नवीन आहात, म्हणून आधी एवढंच जमवा. वर्कशीटमधला आकडा वाचता आला नाही, तर बाकीची माहिती तो ठरवते का बघा. आयताची लांबी 12, परिमिती 40, क्षेत्रफळ ‘9’ आणि पुढे डाग? रुंदी 8 येते, म्हणजे क्षेत्रफळ 96. इथे कुणाला विचारायची गरज नाही.

पण लांबी 12, परिमिती 33 की 38 कळत नाही आणि रुंदी काढायची आहे, तेव्हा काय? 33 धरलं तर 4.5, 38 धरलं तर 7. नवे शिक्षक हमखास 38 धरतात, कारण उत्तर ‘छान’ येतं. (मीही धरायचो!) मुलांना दशांश अपूर्णांक शिकवून झाले असतील, तर दोन्ही शक्य आहेत. मग शाळेच्या बाईंनाच विचारा.

विचारताना:
- पूर्ण पानाचा फोटो पाठवा.
- ‘प्रश्न कळला नाही’ असं मोघम नको. ‘प्र. 4 मध्ये 33 की 38?’ असं विचारा.

रात्री उत्तर आलं नाही, तर मुलाला वर लिहायला सांगा: ‘परिमिती 38 सेमी धरून’. पुसट आकडा पेनाने गिरवू मात्र नका.