समासातली ती एक ओळ

प्रश्न: आजोबांच्या हस्तलिखित मसुद्याची टाइप केलेली प्रत तयार करतोय. खोडलेले शब्द, ओळीच्या वर लिहिलेले शब्द आणि समासातली भर कशी दाखवायची? वर्डमधला स्ट्राइकथ्रू पुरेसा आहे का?

उत्तर:

नाही, पुरेसा नाही. साधे चौकोनी कंस वापरा आणि कंसात काय आहे ते मराठीत लिहा: `[खोड: …]`, `[वर: …]`, `[समास: …]`. एवढ्यावर तुमचं निम्मं काम होईल. बाकीचं का सांगतोय ते कळण्यासाठी आमच्या घरातली गोष्ट ऐका.

माझी आत्या शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिनं दोनशे पानी वह्यांमध्ये स्वतःच्या आठवणी लिहिल्या. ती गेल्यावर माझ्या थोरल्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, त्या टाइप करून घेतल्या आणि वर्षश्राद्धाला छोटं पुस्तक छापून नातेवाइकांना वाटलं. त्याचा हेतू चांगलाच होता. पण पुस्तकातली एक ओळ वाचून आमच्या धाकट्या काकांनी दादाशी बोलणं सोडलं. ती ओळ अशी छापली गेली होती: ‘अण्णांनी त्या वर्षी कर्ज काढलं की नाही ते मला कधी कळलं नाही. काढलंच होतं. आता सांगायला हरकत नाही.’ अण्णा म्हणजे आमचे आजोबा. उभ्या आयुष्यात कुणाचं एक रुपयाचं देणं ठेवलं नाही, हा काकांचा सगळ्यात मोठा अभिमान. आणि सख्खी बहीण लिहून गेली की कर्ज काढलंच होतं!

मी मूळ वही मागून घेतली. पान ४१. मुख्य मजकुराला शाईचं पेन, निळी-काळी शाई. सातव्या ओळीवर जाड गिरगोटा आणि त्याच शाईत वर बारीक अक्षरांत लिहिलेलं: ‘मी शाळा सोडली’. डाव्या समासात निळ्या बॉलपेननं, हात थोडा थरथरलेला: ‘काढलंच होतं. आता सांगायला हरकत नाही.’ समास जेमतेम इंचभर. त्यामुळे दोन वाक्यं एकेक-दोनदोन शब्दांनी खाली उतरत गेली होती आणि बरोबर बाराव्या ओळीपाशी, कर्जाच्या वाक्याशेजारी संपत होती. टाइप करणाऱ्याने ती जिथं संपली तिथं जोडून टाकली.

समासातली भर जिथं संपते ते तिचं ठिकाण नसतं. जिथं सुरू होते ती ओळ बघायची आणि त्या ओळीत खूण शोधायची. सातव्या ओळीत ‘सोडली’च्या डोक्यावर निळ्या बॉलपेनची तिळाएवढी फुली होती. तशीच फुली समासातल्या ‘काढलंच’च्या आधी. दादानं झेरॉक्सवरून टाइप करून घेतलं होतं. झेरॉक्सवर दोन्ही शाया काळ्याच आल्या आणि फुली गिरगोट्यात मिसळून गेली. म्हणून माझं ठाम मत आहे, झेरॉक्सवरून उतरवूच नका. मूळ वही समोर ठेवा, नाहीतर रंगीत फोटो घ्या, पण शाईचा रंग दिसलाच पाहिजे. खोडणं लिहिताना झालं की वीस वर्षांनी, हे बऱ्याचदा तेवढ्यावरूनच कळतं.

मग तो गिरगोटा. देवनागरीत खोडलेलं वाचायला एक मोठी सोय आहे. खोडण्याची रेघ बहुधा अक्षराच्या पोटातून जाते. शिरोरेघेच्या वरच्या मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खालचे उकार बाहेर डोकावत राहतात. पान ४१वर वर एक मात्रा दिसत होती, तिच्याजवळ खाली दीर्घ ऊकार, शेवटी एक अनुस्वार. मात्रा ‘ळे’ची, ऊकार ‘तू’चा, अनुस्वार ‘लं’चा. खिडकीच्या काचेवर पान धरलं, पेनाच्या दाबानं पडलेल्या चऱ्या मागच्या बाजूनं पाहिल्या आणि वाक्य लागलं: ‘मला शाळेतून काढलं’.

आत्याला शाळेतून काढलं होतं. तिनं आधी खरं लिहिलं, मग ते खोडून वर ‘मी शाळा सोडली’ केलं आणि कितीतरी वर्षांनी बॉलपेननं कबूल केलं की काढलंच होतं. कर्जाचा काहीएक संबंध नव्हता.

खुणा आणि ओळींचे आकडे ठेवून ते पान मी असं उतरवलं:

```
पान ४१
६   चौथीची परीक्षा झाली आणि
७   [खोड: मला शाळेतून काढलं] [वर: मी शाळा सोडली] [फुली १]. त्यानंतर
...
१२  कर्ज काढलं की नाही ते मला कधी कळलं नाही.
[समास डावा, ओळ ७ ते १२, निळं बॉलपेन, फुली १:
काढलंच होतं. आता सांगायला हरकत नाही.]
```

समासातली भर मी मजकुरात घुसवलेली नाही. फुली असूनही नाही. ती वेगळ्या वेळी लिहिलीय, म्हणून वेगळीच राहते, फक्त कुठे लागते ते सांगते. खूणच नसेल तर कुठल्या ओळीशेजारी सुरू होते आणि कुठे संपते एवढंच लिहा, अंदाजानं जोडू नका. जुन्या पोथ्यांत राहिलेल्या अक्षराच्या जागी काकपदाची खूण काढून समासात ते अक्षर आणि पुष्कळदा ओळीचा आकडाही लिहायचे. म्हणजे आपल्याकडच्या लेखकूंना ही अडचण नीट ठाऊक होती. खोडायच्या अक्षरावर ते पिवळी हरताळ फासायचे. आपण टाइप करताना तेच करतो, फक्त हरताळीखाली काय होतं ते विसरत नाही.

आता स्ट्राइकथ्रूबद्दल. तो अक्षराचा भाग नसतो, वरून घातलेला पेहराव असतो. साधा मजकूर म्हणून दुसरीकडे पेस्ट केला की उतरतो. पण खोडलेले शब्द मात्र जात नाहीत, ते जिवंत होऊन उठतात. वर्डमध्ये रेघ मारून मी पहिल्यांदा पाठवलेलं पान छापखान्यातल्या मुलानं त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलं, तर प्रुफात आलं: ‘मला शाळेतून काढलं मी शाळा सोडली’. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलतानाही हेच होऊ शकतं. शिवाय देवनागरीवर ती रेघ नेमकी पोटातून जाते आणि ‘व’ की ‘ब’, ‘प’ की ‘ष’ हे कळेनासं होतं. आजोबांनी खोडलंच आहे, तुम्ही पुन्हा कशाला खोडताय? शब्द स्वच्छ दिसू दे, खोडलाय हे कंस सांगेल.

ट्रॅक चेंजेस तर मुळीच वापरू नका. त्यात प्रत्येक खोडीवर तुमचं नाव आणि आजची तारीख पडते आणि कुणीतरी ‘सगळे बदल स्वीकारा’ दाबलं की आजोबांचे खोडलेले शब्द कायमचे गेले.

मराठीत अजून एक अडचण येते. लिहिणारा पुष्कळदा अख्खा शब्द खोडत नाही, नुसती मात्रा बदलतो. आत्यानं एका ठिकाणी ‘होती’ची वेलांटी खोडून ‘होते’ केलंय. ती वेलांटी एकटी कंसात टाकली तर पडद्यावर ठिपक्यांचा गोल येतो आणि शब्द फुटतो, मग शोधूनही सापडत नाही. अशा वेळी पूर्ण शब्दच द्या: `[खोड: होती] [वर: होते, फक्त वेलांटीची मात्रा केली]`. जिथं वाचताच आलं नाही तिथं `[खोड: अवाच्य, सुमारे ३ अक्षरं]` लिहा. अंदाजाचा शब्द असेल तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह द्या. प्रश्नचिन्ह द्यायला कमीपणा वाटतो, पण ते नसल्यामुळेच आमच्या घरात तीन वर्षं अबोला झाला.

पुढेमागे एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला ही प्रत द्यायची असेल तर टीईआय नावाची खुणांची पद्धत जगभर चालते. तुमचे कंस नीट असतील तर त्यात नेणं अवघड नाही:

```xml
<subst>
  <del rend="overstrike">मला शाळेतून काढलं</del>
  <add place="above">मी शाळा सोडली</add>
</subst>
<add place="margin">काढलंच होतं.</add>
```

घरच्या कामाला याची गरज नाही. आधी कंसांची प्रत पूर्ण करा. झाली की उघडणारे आणि बंद होणारे कंस शोधून मोजा, दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. आत्यानं स्वतः गोल कंस बरेच वापरलेत, म्हणून मी चौकोनी घेतले. आजोबा चौकोनी वापरत असतील तर तुम्ही दुसरे घ्या.

दादाचं अजूनही म्हणणं आहे, ‘तिनंच खोडलं ना? मग आपण कोण दाखवणारे?’ वाचायला स्वच्छ प्रत करण्याला माझा विरोध नाही. चुलत्या-मामांना कंसांनी भरलेलं पुस्तक द्या असं मी म्हणणार नाही. पण ती स्वच्छ प्रत या कंसांच्या प्रतीवरून निघाली पाहिजे आणि कंसांची प्रत घरात राहिली पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या खाजगी गोष्टी खोडलेल्या असतील तर त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नका, हेही मला मान्य आहे. पण इथं प्रश्न आत्याचा स्वतःचा होता आणि उत्तर तिनंच समासात लिहून ठेवलं होतं. दादा, जे तिला कुणाच्या हाती पडू द्यायचं नव्हतं ते तिनं खोडलं नाही, फाडलं. पान ५६ नंतर दोन पानांची बुडं अजून शिवणीत आहेत.

तुमच्या वहीतही शिवण बघा, आणि पान फाडलेलं आढळलं तर तेही त्या जागी लिहा: `[इथं दोन पानं फाडलेली, बुडं शिल्लक]`.