तास भरले नाहीत म्हणून ऑइल तसंच ठेवलं, तर?

प्रश्न: आमच्या टिळकवाडीतल्या अपार्टमेंटला ४० केव्हीएचा स्टँडबाय डिझेल सेट आहे. तीन वर्षांत मीटरवर ९० तासच झालेत. सर्व्हिसवाला म्हणतो ऑइल ५०० तासांनी बदलायचं, आता कशाला खर्च करता. डिपस्टिकवर तेल कमी झालेलं नाही, उलट किंचित वर दिसतंय. कूलंटची बाटली भरलेली आहे. चालेल ना असंच?

उत्तर:

दादा, तुमचं "उलट किंचित वर" वाचलं आणि पोटात गोळा आला. हेच वाक्य मी आमच्या पोरांना कौतुकानं सांगायचो. मी मेकॅनिक नव्हे, खानापूर बाजूला आमचं मंगल कार्यालय आहे. तेव्हा आकड्यांच्या बाबतीत तुमच्या इंजिनाचं पुस्तक खरं धरा, मला नव्हे. बाकीचं मात्र मी पैसे मोजून शिकलोय.

आमचा सेट २५ केव्हीएचा. नवा असताना ५० तासांना पहिलं ऑइल बदललं. पुढं एकवीस महिन्यांत मीटर १३८ वर आलं, म्हणजे ८८ तास. पुस्तकात "५०० तास किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते" असं छापलेलं होतं. मी ५०० वाचलं आणि पुढचं सोडून दिलं. सर्व्हिसला येणारा पोरगाही शीटवर दर खेपेला "ऑइल ओके" लिहून सही घ्यायचा. त्या ८८ तासांतले बावीसेक तास तर नुसत्या दर आठवड्याच्या पंधरा मिनिटांच्या ट्रायलचे, तेही बिनलोडचे. उरलेले चार ट्यूब आणि आठ पंखे चालवण्यात गेले.

इंजिन असं अर्धवट तापवलं की डिझेल नीट जळत नाही. पिस्टनच्या रिंगा घट्ट बसत नाहीत, त्यांच्या कडेनं न जळलेलं डिझेल खाली तेलाच्या सम्पमध्ये उतरतं. त्यात आमच्याकडचा पावसाळा. चार महिने भिंती पाझरतात, मग इंजिनाच्या पोटात वाफ धरणारच. भरपूर लोडवर तासभर चाललं तर हे पाणी तापून उडून जातं, पंधरा मिनिटांत तेवढी गरमी येतच नाही. म्हणून स्टँडबाय सेटचं तेल तासांनी कमी आणि उभं राहून जास्त खराब होतं. डिपस्टिकवर तेल आपोआप वाढत नाही की ओ! वर आलं म्हणजे आत काहीतरी मिसळलंय.

मग मे महिन्यातलं लग्न. सकाळी लाईट गेली. किचनचे मिक्सर, पंप, स्टेजचे दिवे, सगळा लोड एकदम आला. दोन तासांनी सेट बंद पडला, पॅनलवर लो ऑइल प्रेशर. तेलात डिझेल मिसळून ते आधीच पातळ झालेलं, गरम झाल्यावर आणखी पातळ. खरं तर पॅनलनं इंजिन वाचवलं होतं. माझी सगळ्यात महाग चूक इथून पुढची. डिपस्टिक काढली, तेल मॅक्सच्या वर दिसलं, "सेन्सर गेला असणार" म्हणालो आणि रीसेट दाबून सुरू केला. पुन्हा बंद पडला. पुन्हा रीसेट. तिसऱ्यांदा आतून ठोकल्याचा आवाज आला. बेअरिंग शेल खरवडून गेले होते. क्रँक काढून उद्यमबागला ग्राइंडिंगला दिला, दोन लग्नांचं भाडं त्यात गेलं.

वॉरंटी होती की. कंपनीवाल्यांनी फोनवर कन्नडमध्ये गोड बोलून इंग्रजीत मेल करायला लावला, तीन आठवडे गप्प बसले आणि मग उत्तर आलं की वार्षिक ऑइल बदलाची नोंद नाही, क्लेम नामंजूर. अहो, "ओके" लिहिलेल्या शीट तुमच्याच माणसाच्या ना? तर म्हणे ती तपासणी होती, सल्ला नव्हता. नाव घेत नाही, घेऊनही उपयोग नाही. तेव्हापासून बिलं, शीट आणि मीटरचा फोटो मी स्वतः ठेवतो. आणखी एक: पॅनलचा कंट्रोलर बदलला तर तास शून्यापासून सुरू होऊ शकतात, म्हणून वहीत तारीखही लिहा.

आता तुमच्या तेलात काय मिसळलंय ते ओळखायचं. आधी पॅनल ऑटोवरून काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, नाहीतर लाईट गेली की हात आत असतानाच सेट सुरू होईल. डिपस्टिकवरचं तेल बोटांत चोळून वास घ्या. पातळ लागलं, डिझेलचा वास आला तर माझीच गोष्ट. दुधाळ, चहाच्या सायीसारखं दिसलं तर पाणी. नुसत्या फिलर झाकणाखाली थोडी साय असेल तर ती आमच्याकडे पावसाळ्यात दिसतेच, एवढ्यावरून घाबरू नका. सेट रात्रभर उभा असेल तर ड्रेन नट अगदी थोडा ढिला करून बघा, तळाला बसलेलं पाणी आधी येतं. डिझेल मात्र तेलात विरघळतं, ते असं वेगळं निघत नाही.

पाणी निघालं तर ते वाफेचं की कूलंटचं, हा खरा प्रश्न. त्यासाठी बाटलीवर विसंबू नका. रेडिएटरच्या झाकणातला व्हॉल्व्ह किंवा बाटलीची नळी खराब झाली तर बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून आतच बघायचं. गरम असताना झाकणाला हात लावू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. कूलंट उतरतंय आणि तेल चढतंय, असं दोन्ही मिळून दिसलं तर हेड गॅस्केट किंवा लायनरची सील बघावी लागेल. नुसतं ऑइल बदलून ते मिटत नाही.

तापमानाचा काटा नॉर्मल दाखवतोय म्हणून कूलंट ठीक असंही धरू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. कूलंट खाली गेलं की तो हवेत लटकतो, इंजिन भाजत असतं आणि पॅनल ट्रिप करत नाही. टॉप-अपला बोअरचं पाणी तर नकोच, आत क्षार धरतात आणि कूलंटमधलं गंजरोधक पातळ होतं. अडचणीत बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी चालेल, पण नंतर तयार मिक्स कूलंट भरा. रंग बघून दोन जातींचे मिसळू नका. कूलंटलाही वर्षांची मुदत असते, ती पुस्तकात बघा.

माझं मत, पटलं तर घ्या: ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा, तास कितीही असोत. मी पावसाळा संपल्यावर बदलतो. आठवड्याची बिनलोड ट्रायल मी बंद केली. आता महिन्यातून एकदा अर्धा तास, निदान तीस टक्के लोडवर. आमच्या २५ केव्हीएला ते सहाएक किलोवॅट होतात: आधी पाच एचपीचा पंप, मग एक गीझर. तुमच्या चाळीसला साडेनऊच्या आसपास लागतील, लिफ्ट आणि पंप मिळून होतंय का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

तेल मॅक्सच्या वर असेल तर ते काढून नवं भरेपर्यंत सेट चालवू नका. उद्या सकाळी गार इंजिनाच्या रेडिएटरमध्ये पाणी कुठवर आहे ते बघा आणि तेलाच्या वासासकट इथं लिहा. कूलंट काठोकाठ असेल तर बहुतेक ऑइल-फिल्टरवर भागेल, खाली असेल तर आधी मेकॅनिकला बोलवा.