बरणीच्या फोटोवरून मध ओळखताना

खाली पांढरा रवाळ थर आणि वर पातळ मध दिसला म्हणून लगेच साखर मिसळलीय असं ठरवू नका. तो बहुतेक वेळा मधातलाच ग्लुकोज असतो, खाली बसलेला. ज्या फुलाच्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर रवा धरतो, म्हणजे मोहरीचा मध काही आठवड्यांत घट्ट होतो पण अकेशियाचा वर्षभरसुद्धा पातळ राहू शकतो, त्यामुळे न गोठणंही भेसळीचा पुरावा नाही. आणि उलटंही खरं हां, ग्लुकोज सिरप मिसळलेला मधही रवा धरू शकतो. फोटोत खरं बघायचं ते वरच्या थरावर फेस किंवा बुडबुडे आहेत का, कारण रवा खाली बसला की वरच्या भागात पाणी वाढतं आणि तो आंबू शकतो.

रंगावर तर अजिबात जाऊ नका, मागून उजेड आला की गडद मधही सोनेरी दिसतो. मागे पांढरा कागद ठेवून परत फोटो मागवा, सोबत मागच्या लेबलचाही. पुढचं ‘१००% शुद्ध’ सोडा, घटकांत मधाशिवाय सिरप किंवा साखर लिहिलीय का ते वाचा. न लिहिता मिसळलेलं सिरप मात्र फक्त लॅबमध्येच सापडतं.