यादृच्छिक निवड की यादृच्छिक विभागणी?

प्रश्न : “‘यादृच्छिक निवड’ आणि ‘यादृच्छिक विभागणी’ एकच ना? माझ्या प्रबंधात पीकविम्याची एकच बातमी अहिराणीत आणि प्रमाण मराठीत ऐकवून ती किती विश्वासार्ह वाटते, ते बघायचं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या चिठ्ठ्या टाकल्या, अमळनेर आणि रावेर निघालं. अमळनेरला अहिराणी, रावेरला मराठी असं ठरवलं. मॅडमनी ‘विभागणी कुठे आहे?’ असा शेरा मारून प्रकरण परत पाठवलं. आणि मॅनिप्युलेशन चेकला मराठीत काय लिहू?”

एकच नाहीत, आणि मॅडमचा शेरा बरोबर आहे. तुम्ही निवड केलीत, विभागणी केलीच नाही. निवड म्हणजे अभ्यासात कोण येणार. विभागणी म्हणजे आलेल्यांपैकी कोणाच्या कानावर काय पडणार. निवड चिठ्ठीने झाली तर निष्कर्ष ज्या यादीतून चिठ्ठ्या काढल्या तिला लागू करता येतो. विभागणी चिठ्ठीने झाली तर दोन गटांत दिसलेला फरक बातमीच्या बोलीमुळे पडला असं म्हणता येतं. तुमच्या प्रबंधाचा सगळा दावा दुसऱ्या प्रकारचा आहे.

घोळाचं मूळ थोडं ‘यादृच्छिक’मध्येच आहे. संस्कृतात यदृच्छा म्हणजे योगायोग आणि आपखुशीसुद्धा. मराठीत यदृच्छया म्हटलं की ‘सहज, आपोआप’ असं कानाला लागतं, आणि काही पुस्तकांतला ‘स्वैर’ तर सरळ मनमानीकडे नेतो. त्यामुळे पुष्कळ प्रबंधांत ‘यादृच्छिक’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात आधी आलेले तीस एका गटात, नंतरचे तीस दुसऱ्यात असं झालेलं असतं. आधी आलेली मुलं गावातली असतात, नंतरची एसटीने खेड्यांतून येणारी. अहिराणी कोणाच्या घरात जास्त बोलली जाते, हे तुम्हाला सांगायला नको. हजेरीपटाचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा हाही तसलाच प्रकार. यादृच्छिकचा इथला अर्थ काटेकोर आहे : कोण कुठल्या गटात जाणार हे फक्त चिठ्ठीने ठरतं, माणसाच्या कुठल्याही गुणाने नाही, तुमच्या सोयीने नाही.

आता अमळनेर-रावेर. अमळनेरकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, ‘चा’च्या जागी ‘ना’ येतो; ही अहिराणी. रावेर-यावलचा पट्टा लेवा गणबोलीचा. बाहेरचे दोन्हीला ‘खान्देशी’ म्हणून मोकळे होतात, पण रावेरच्या मुलाला अहिराणी घरची वाटेलच असं नाही. समजा तुमच्या मांडणीत अमळनेरच्या गटाने बातमीवर जास्त विश्वास ठेवला. बोलीमुळे? की अमळनेरला कापूस आणि रावेरला केळी, म्हणून विम्याचा अनुभवच वेगळा? की अमळनेरचं सत्र मंगळवारी झालं, रावेरचं शुक्रवारी, आणि मधे विम्याच्या पैशांची घोषणा झाली? यातलं काहीही वेगळं काढता येणार नाही. कुठल्या कॉलेजला कोणती बोली हेही नाणं उडवून ठरवलं असतं तरी भागलं नसतं, कारण मग विभागणी मुलांची नव्हे, दोन कॉलेजांची झाली असती.

उपाय सोपा आहे. दोन्ही कॉलेजं राहू द्या, चिठ्ठ्या कॉलेजच्या आत टाका. प्रत्येकी ६० मुलं असतील तर तिथल्याच ३० जणांना अहिराणी, ३० जणांना मराठी. स्प्रेडशीटमध्ये नावांशेजारच्या रकान्यात `=RAND()` भरा. तो रकाना कॉपी करून फक्त आकडे म्हणून पुन्हा चिकटवा, नाहीतर प्रत्येक बदलासरशी आकडे नव्याने पडतात आणि मूळ क्रम हरवतो. मग त्या रकान्यातल्या आकड्यांच्या क्रमाने यादी लावून घ्या. वरची ३० नावं अहिराणीची. अशी कॉलेजवार विभागणी केली की कापूस-केळी, मंगळवार-शुक्रवार, अहिराणी-लेवा हे सगळे फरक दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. साधारण म्हणतोय, कारण चिठ्ठी बरोबरीची हमी देत नाही. राहिलेला फरक निव्वळ योगायोगाचा असतो, आणि योगायोगाने किती फरक पडू शकतो याचा हिशेब संख्याशास्त्राला मांडता येतो. एसटीच्या वेळापत्रकाने पडलेल्या फरकाचा तसा हिशेब मांडता येत नाही.

वर्गात स्पीकरवर बातमी लावू नका. प्रत्येकाला हेडफोन द्या. अहिराणी क्लिप सुरू होताच एखादा फिस्सकन हसला की सगळा वर्ग हसतो, आणि मग तुम्ही बोलीचा नाही, त्या हसण्याचा परिणाम मोजत बसता. मोबाइलवरच्या विनोदी व्हिडिओंमुळे आपल्याकडे अहिराणी ऐकली की आता काहीतरी गंमत येणार अशी सवयच पडली आहे. हेडफोन दिला तरी ती सवय प्रत्येकाच्या डोक्यात राहतेच, म्हणून ‘ऐकताना हसू आलं का’ हाही एक प्रश्न ठेवा.

क्लिप बनवताना दोन्ही बोली सहज बोलणारा एकच निवेदक घ्या. वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६०मध्ये माँट्रियलला हेच केलं होतं : तेच वाचक फ्रेंचमध्येही वाचत आणि इंग्रजीतही, ऐकणाऱ्यांना मात्र प्रत्येक आवाज वेगळ्या माणसाचा वाटे. त्यामुळे ऐकणाऱ्यांनी आवाजांना दिलेल्या गुणांतला फरक आवाजाच्या पोताचा नाही, भाषेचा, असं म्हणता आलं. तुमच्याकडे एक मुलगा एकच क्लिप ऐकणार आहे, त्यामुळे ओळखलं जाण्याची भीतीही नाही. पण एकाच निवेदकावर थांबू नका. दोन-तीन आवाजांत दोन्ही बोली ध्वनिमुद्रित करा. नाहीतर निष्कर्ष ‘अहिराणीचा परिणाम’ असा न राहता ‘त्या एका भाऊच्या अहिराणीचा परिणाम’ एवढाच उरतो.

मॅनिप्युलेशन चेक. ‘हाताळणी तपासणी’ वाचलं की पार्सलच आठवतं. ‘फेरफार पडताळणी’ शब्द म्हणून चांगला आहे, पण वर्तमानपत्रात फेरफार म्हणजे कागदपत्रांतली लबाडी आणि तलाठ्याकडे फेरफार म्हणजे सातबाऱ्याची नोंद. मी ‘बदलाची पडताळणी’ लिहीन. प्रयोग करणाऱ्याने मुद्दाम जो बदल केला तो ऐकणाऱ्यापर्यंत पोचला का, एवढंच ती बघते.

खरी अडचण शब्दापेक्षा प्रश्नाची आहे. बहुतेक जण ‘बातमी कोणत्या बोलीत होती?’ एवढंच विचारतात. त्याने मुलगा लक्ष देऊन ऐकत होता का, ते कळतं. पण बोलणारा आपल्यातला वाटतो म्हणून विश्वास वाढतो असं तुमचं गृहीतक असेल, तर पडताळणी त्या आपलेपणाची हवी : ‘निवेदक आपल्याकडचा वाटला’, १ ते ७. समजा सरासरी आली ती अशी : अमळनेरला अहिराणी गटात ५.८, मराठी गटात ३.३, रावेरला ३.६ आणि ३.४. आणि विश्वासार्हतेत अमळनेरला फरक दिसला, रावेरला नाही. बोलीचा प्रश्न विचारला असता तर दोन्हीकडे जवळजवळ सगळ्यांनी बरोबर उत्तर दिलं असतं आणि तुम्ही लिहिलं असतं की रावेरला अहिराणीचा परिणाम होत नाही. हे आकडे वेगळंच सांगतात : रावेरला आपलेपणा तयारच झाला नाही, त्यामुळे आपलेपणाने विश्वास वाढतो का, याची परीक्षा तिथे झालीच नाही. रावेरसाठी लेवा गणबोलीतली तिसरी क्लिप लागेल.

हा प्रश्न विश्वासार्हतेच्या प्रश्नांनंतर ठेवा. आधी विचारलात तर मुलांना अभ्यासाचा रोख कळतो, आणि शहाणी मुलं मॅडमना हवं ते उत्तर देतात. त्याहून चांगलं म्हणजे मुख्य प्रयोगाआधी दुसऱ्याच वीस-पंचवीस मुलांवर क्लिप तपासून घेणं. तिथे आपलेपणा निघाला नाही, तर क्लिप बदलायला वेळ तरी मिळतो.

एक मोह मात्र टाळा. पडताळणीत ‘नापास’ झालेल्यांना वगळून निकाल काढायची पद्धत सर्रास दिसते. समजा अहिराणी गटातले १४ वगळले आणि मराठी गटातले २. अहिराणी गटातून गेले ते बहुधा बोली परकी वाटणारे. तशीच मुलं मराठी गटात मात्र बसलेली राहिली, कारण तिथे त्यांची परीक्षाच झाली नाही. म्हणजे चिठ्ठीने जुळवलेले गट तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवले, आणि तेही अहिराणीच्या बाजूने. मुख्य निकाल सगळ्या १२० जणांचाच द्या. वगळून काढलेला द्यायचाच असेल तर त्याच्याशेजारी, तसं स्पष्ट सांगून.

वैधतेला असलेल्या धोक्यांवर तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या प्रकरणात हमखास एक गंमत होते. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅनली यांनी १९६३मध्ये केलेली धोक्यांची यादी अजून सगळीकडे चालते, आणि तिच्यातल्या ‘हिस्ट्री’चं मराठीत ‘इतिहास’ आणि ‘मॉर्टॅलिटी’चं ‘मृत्यू’ होतं. ‘प्रयोगादरम्यान मृत्यूचा धोका’ वाचून परीक्षक दचकणारच. पहिल्याला ‘मधली घटना’ म्हणा. विम्याची ती घोषणा हेच तिचं उदाहरण. दुसऱ्याला शाळेतला ‘गळती’ हा शब्द चपखल बसतो. किती गळाले यापेक्षा दोन्ही गटांतून सारखे गळाले का, हे महत्त्वाचं. अहिराणी क्लिप अर्ध्यात सोडणारे जास्त निघाले, तर वगळण्याचाच दोष मागच्या दाराने आत येतो.

आणि तुमची निवडीची चिठ्ठी? ती वाया गेली नाही, पण तिच्यावर फार भार टाकू नका. जिल्ह्यातल्या यादीतून दोनच कॉलेजं निघाली. त्यांवरून जळगाव जिल्ह्यातल्या सगळ्या विद्यार्थ्यांबद्दल बोलणं अवघड, विमा भरणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल तर नाहीच. शिवाय हेडफोन लावून शांत बसून ऐकलेली बातमी आणि पारावर चार जणांत ऐकलेली बातमी यांत फरक आहे. ही मर्यादा बाह्य वैधतेची. ती कबूल केली म्हणून प्रयोग कमकुवत ठरत नाही.

पद्धतीच्या प्रकरणात असं लिहा : ‘जिल्ह्यातील महाविद्यालयांतून दोन महाविद्यालयांची यादृच्छिक निवड केली. प्रत्येक महाविद्यालयातील ६० सहभागींची अहिराणी व प्रमाण मराठी या दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली.’ त्याखाली विभागणी कशी केली, कोणी केली आणि क्लिप ऐकवण्याच्या किती आधी केली, तेही एका ओळीत द्या. मॅडम पुढचा प्रश्न तोच विचारतील.