चिनी अनुवाद : सरलीकृत लिपी की पारंपरिक?

प्रश्न : भातावरच्या खतप्रयोगाचा माझा शोधनिबंध चिनी भाषेत करून घ्यायचा आहे. अनुवादक विचारतोय, सिम्प्लिफाइड हवं की ट्रॅडिशनल? एकीत करून घेतला की दुसरीत सॉफ्टवेअरने बदलता येईल ना?

उत्तर : आधी नियतकालिक कुठलं ते ठरवा, लिपी त्याच्यामागोमाग येते. बीजिंग किंवा शांघायहून निघत असेल तर सरलीकृत, तैपेईहून निघत असेल तर पारंपरिक. चीनच्या 2000 सालच्या भाषाकायद्यात प्रकाशन, अध्यापन आणि संशोधनाची गरज असेल तिथे पारंपरिक लिपीला मुभा आहे, म्हणून जुन्या ग्रंथांवरचे लेख तिथेही कधीकधी त्या लिपीत छापले जातात. भाताच्या लेखाला ती वाट घ्यायचं कारण नाही.

आता सॉफ्टवेअरचं. पारंपरिकमधून सरलीकृतमध्ये जाणं त्यातल्या त्यात सोपं, कारण सरलीकरणात अनेक अक्षरं एकात मिळवली गेली. उलट येताना ती पुन्हा वेगळी करावी लागतात आणि घोळ तिथेच होतो. सरलीकृतमधलं 范 (उच्चार फान) पाहा. ‘नमुना, कक्षा’ या अर्थाने ते पारंपरिकमध्ये 範 होतं, पण आडनाव असेल तर 范च राहतं. संदर्भसूचीत फान आडनावाचे संशोधक असतील आणि यंत्राने सरसकट बदल केला, तर त्यांचं आडनावच बदलतं. लेखाचा मजकूर सगळे तपासतात, सूचीतली नावं कोण तपासतो? तिथे आधी बघा.

पण खरा धोका न बदलणाऱ्या अक्षरांचा. 行 आणि 列 ही दोन अक्षरं दोन्ही लिप्यांत जशीच्या तशी आहेत. तक्त्याच्या बाबतीत मात्र चीनमध्ये 行 म्हणजे आडवी ओळ आणि 列 म्हणजे उभा रकाना, तर तैवानमध्ये बरोबर उलटं. समजा, तुमच्या तक्त्यात आडव्या ओळींत भाताचे वाण आहेत आणि उभ्या रकान्यांत खताच्या मात्रा. लेखात वाक्य आहे, ‘तिसऱ्या ओळीतलं उत्पादन सर्वाधिक’. चीनसाठी ते 第三行 असं लिहिलं जाईल. नुसती लिपी बदलली तर तैवानी वाचकापुढेही 第三行च येईल आणि तो तिसरा रकाना पाहील. तुम्ही वाणाबद्दल बोललात, त्याला खताची मात्रा समजली. अक्षर एकही चुकलेलं नाही, त्यामुळे मुद्रितशोधकालाही पत्ता लागत नाही.

OpenCC नावाचं मोफत साधन आहे. त्यात `s2t` फक्त अक्षरं बदलतं, `s2twp` तैवानमधले प्रचलित शब्दही घालतं, उदाहरणार्थ सॉफ्टवेअरसाठी चीनमधल्या 软件च्या जागी 軟體. पहिला खर्डा म्हणून ते चालेल. पुढे तैवानमध्ये शेतीविषयक वाचन केलेल्या माणसाकडून तो वाचून घ्या आणि मूळ तक्ता त्याच्यासमोर ठेवा.

अनुवादकाला ‘ट्रॅडिशनल’ एवढंच सांगू नका, ‘तैवानसाठी’ की ‘हाँगकाँगसाठी’ तेही सांगा. लिपी पारंपरिकच असली तरी दोन्हीकडचे शब्द वेगळे पडतात.