मुलाचं वय की वडिलांचा अनुभव?

“मॅडम, माझा मुलगा २० वर्षांचा आहे, आयटी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मार्क ठीकठाक आहेत. मी म्हणतो, खोक्यांच्या ऑर्डर घेणारं ॲप काढ, पार्ट्या मी मिळवून देतो. धंदा याच वयात होतो, पंचविशीनंतर हिंमत राहत नाही. झेप्टोवाली पोरं १९ची होती. मी २१ वर्षं भिवंडीत कोरुगेटेड बॉक्सच्या कारखान्यात आहे, आता ४७चा झालो, माझं काय राहिलं? साठवलेले ८ लाख त्याला द्यायला तयार आहे. पण तो म्हणतो, आधी नोकरी करायची. हल्ली जेवायला बसला की माझ्याशी बोलतही नाही. त्याला कसं समजवावं?”
– एक वडील, मुलुंड

तुमच्या पत्रात मला मुलाची काळजी वाटली नाही. तो काय म्हणतोय ते स्पष्ट आहे आणि शहाणपणाचंही आहे. काळजी वाटली ती त्या ८ लाखांची. वडिलांची आयुष्यभराची बचत विशीतल्या मुलाच्या हातात ठेवायची आणि ‘कर धंदा’ म्हणायचं, याला तुम्ही पाठिंबा म्हणता. त्याला ते कर्ज वाटतं. पैसे बुडाले तर आईच्या नजरेला नजर कशी द्यायची, हा हिशेब त्याने मनात केव्हाच केला असणार. म्हणून तो ताटावर गप्प बसतो. तेव्हा पहिलं काम हे करा: आज रात्री त्याला सांगा की हा विषय बंद. सांगितल्यावर खरोखर बंद ठेवा. नातेवाइकांसमोर टोमणाही नको.

प्लेसमेंट, गेट, कॅट हे मार्ग त्याला कॉलेजात कळतातच. त्यात तुम्ही पडू नका.

आता ‘धंदा याच वयात होतो’ या समजुतीबद्दल. ती तुमच्या एकट्याची नाही, पण आकडे तिच्या उलट आहेत. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जनगणना खात्याच्या नोंदींवरून २००७ ते २०१४ या काळात कंपनी सुरू करणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांचं वय तपासलं. निदान एक तरी नोकर ठेवलेल्या कंपन्याच त्यांनी धरल्या. सुरुवात करतानाचं सरासरी वय निघालं ४२च्या आसपास. त्यातल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय ४५ होतं. कंपनी फार मोठी वाढण्याची शक्यता तिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यापेक्षा पन्नासाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याची सुमारे १.८ पट होती, आणि सगळ्यात कमी होती ती विशीच्या सुरुवातीच्या मुलांची. झेप्टोची पोरं खरी आहेत, त्यांचं यशही खरं आहे. पण त्याच वयात सुरू होऊन दोन वर्षांत बंद पडलेल्या कंपन्यांची बातमी कुणी छापत नाही, म्हणून आपल्याला विशीतले जिंकलेलेच दिसतात.

हे वाचून ‘वय झालं की धंदा जमतो’ असाही अर्थ काढू नका. ते आकडे तिकडचे आहेत, आणि ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यापुरतेच आहेत. शिवाय पन्नाशीतही हजारात एक होणं अवघडच असतं. त्या अभ्यासातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे. ज्या धंद्यात उतरायचं, नेमक्या त्याच धंद्यात आधी निदान ३ वर्षं काम केलेल्या माणसाची मोठं यश मिळवण्याची शक्यता, तो अनुभव नसलेल्यापेक्षा ८५ टक्क्यांनी जास्त होती. केस पांढरे होता होता हा अनुभव अंगात मुरतो, म्हणून वय जिंकल्यासारखं दिसतं. फाल्गुनी नायर यांनी २०१२ साली, ४९व्या वर्षी, याच मुंबईत नायका सुरू केली हे उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. त्या सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातल्या नव्हत्या, हे खरं. पण गुंतवणूक बँकेतली दीर्घ कारकीर्द, पैसा कसा उभा राहतो याची जाण आणि ओळखी त्यांच्याकडे होत्या. तुमचा मार्ग त्यांचा नाही, आणि तुमच्या मुलाचा तर मुळीच नाही.

तुमच्याच धंद्यात हा अनुभव किती रुपयांचा असतो, ते पाहू. समजा, मशीन न घेता दुसऱ्याच्या कारखान्यातून खोकी बनवून घेतली आणि महिन्याला ५ लाखांचा माल पार्ट्यांना दिला. बनवून घ्यायचा खर्च ४ लाख ४० हजार धरू. तो कारखानदार नव्या माणसाला फार तर १५ दिवस थांबेल. पार्टी मात्र कागदावर ४५ म्हणते आणि ७५ दिवसांनी देते. मधल्या ६० दिवसांचा भार तुमच्यावर, म्हणजे ८ लाख ८० हजार नुसत्या उधारीत अडकले. तुमची बचत संपली, आणि अजून टेम्पोचं भाडंही दिलेलं नाही. हाच माल ४५ दिवसांत खरोखर पैसे सोडणाऱ्या पार्टीला दिला, तर अडकतात ४ लाख ४० हजार. भिवंडीतली कुठली पार्टी ४५वर देते आणि कुठली ९०पर्यंत लोंबकळवते, हे कुठल्या ॲपला माहीत आहे? ते तुम्हाला तोंडपाठ आहे.

पावसाळ्याचंही तसंच. जुलैच्या दमट हवेत कागद ओलावा धरतो, खोक्याची ताकद घटते आणि गोदामात थर लावले की खालचा थर बसतो. मग पार्टी बिलातून पैसे कापणारी डेबिट नोट पाठवते आणि नफा तिथेच जातो. जाणता माणूस ऑर्डर घेतानाच विचारतो, थर किती उंच लावणार? आणि तीन प्लाय मागणाऱ्याला पाच प्लाय घ्यायला लावतो. तुमच्या मुलाला आज हा प्रश्न सुचणारही नाही. यात त्याचा दोष नाही, तो त्या गोदामात कधी उभाच राहिलेला नाही.

म्हणून मी तुमच्या प्रश्नाचा रोखच बदलते. पत्रात ज्या धंद्याचं वर्णन आहे तो तुमचा धंदा आहे. करावासा वाटत असेल तर तुम्ही करा. ‘माझं काय राहिलं’ हे तुम्ही मुलाच्या हातून खोटं ठरवू पाहताय, आणि ते त्याच्यावर अन्यायाचं आहे.

पण उडी मारू नका. घराचा हप्ता, सगळ्यांचा आरोग्य विमा आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला काढा. त्यानंतर ८ लाखांतले किती उरतात, तेच तुमचं भांडवल. बहुधा निम्म्याहून कमी उरेल, म्हणजे सुरुवात महिन्याला दीड-दोन लाखांच्या मालापासून, दोन-तीन पार्ट्यांवर. नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीत असताना मालकाच्या पार्ट्या फिरवायच्या नाहीत. राजीनामा देऊन, त्यांना सांगून बाहेर पडा. पुढे त्याच कारखान्यातून माल बनवून घ्यायची वेळ येऊ शकते. उत्पादक म्हणून लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी झाली, तर कायद्याने पार्टीने लेखी करार असल्यास ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. नोंदणीला पैसे पडत नाहीत. पण नुसता दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला हे संरक्षण मिळेलच असं नाही, तेव्हा तुमचं काम कशात बसतं ते आधी सीएला विचारा.

मुलाबद्दल एवढंच. त्याला नोकरी करू द्या. शक्य असेल तर लहान कंपनीत, जिथे ग्राहकाचा फोन त्यालाच घ्यावा लागेल आणि बिल का थकलं ते त्याच्या कानावर पडेल. तीन-चार वर्षांनी त्याच क्षेत्रातलं काही त्याला स्वतःहून करावंसं वाटलं, तर तेव्हा तो २४-२५चा असेल. तुम्ही ज्याला उशीर म्हणता, ते वय त्या अभ्यासातल्या सरासरीच्या कितीतरी अलीकडे आहे.